लाइव्ह रुलेटवर 'हॉट' आणि 'कोल्ड' आकडे दाखवतात, त्यांचा उपयोग काय?

आडवाटेकरी

लाइव्ह डीलरच्या रुलेट टेबलावर बाजूला एक पॅनल असतं. त्यात मागच्या ५०० स्पिनमध्ये कुठला आकडा किती वेळा लागला ते दाखवतात. सगळ्यात जास्त आलेल्या पाच आकड्यांपुढे ज्वाळा, सगळ्यात कमी आलेल्या पाचांपुढे बर्फाचा स्फटिक. आज मी उतरवून घेतलेलं असं:

हॉट: ११ (२२ वेळा), २९ (२०), ४ (२०), २० (१९), ३३ (१९)
कोल्ड: ८ (६ वेळा), २६ (७), १६ (८), ३५ (८), २ (८)

एकच शून्य असलेलं ३७ घरांचं चाक आहे. मी हिशेब केला. या पाच हॉट आकड्यांवर प्रत्येक स्पिनला एकेक चिप लावली असती तर ५०० स्पिनमध्ये २५०० चिपा गेल्या असत्या. आकडे लागले १०० वेळा, दर वेळी लावलेली चिप धरून ३६ परत, म्हणजे ३६०० आल्या. निव्वळ ११०० चिपांचा फायदा. आकडे खोटे नाहीत, टेबल समोर दिसतं, बॉल खरा फिरतो. मग ही माहिती वापरली तर चूक काय?

मनमौजी

चूक एवढीच की तुम्ही उलट्या बाजूला बसलाय :) जे येऊन गेले ते येऊन गेले. ८ नंबर ५०० मध्ये फक्त ६ वेळा आलाय, त्याचा कोटा शिल्लक आहे. मी कायम कोल्डवर खेळतो. मागच्या दोन्ही बैठकींत वरच राहिलोय.

खडूफळा

आडवाटेकरी, तुमचा गुणाकार बरोबर आहे, पण तो तुम्ही निकाल लागल्यावर केलाय. ते पाच आकडे हॉट ठरले कधी? ५०० स्पिन संपल्यावर. पहिल्या स्पिनच्या आधी 'हे पाच लागणार' असं कुणी सांगितलं असतं तर ११०० चिपा त्याच्या. आज यादी बघून तुम्हाला पुढचे ५०० स्पिन खेळायचे आहेत, आणि त्या ५०० ची यादी कुणाकडेच नाही.

३७ घरांवर ५०० स्पिन वाटले की प्रत्येक आकड्याच्या वाट्याला सरासरी साडेतेरा येतात. पण प्रत्येकाला नेमके १३ किंवा १४ मिळाले तर ती संशयाची गोष्ट ठरेल. निव्वळ नशिबाने कुठलाही एक आकडा या सरासरीपासून तीन-चार वर किंवा खाली सहज असतो, आणि ३७ आकड्यांतले एकदोन त्याच्या दुप्पट लांब जातात. चाक अगदी निर्दोष असलं तरी ५०० स्पिननंतर सगळ्यात वरचा आकडा २१-२२ च्या आसपास आणि सगळ्यात खालचा ६-७ च्या आसपास असायला हवा. तुमच्या यादीत २२ आणि ६ आहे. पुस्तकात उदाहरण म्हणून छापावी इतकी साधी यादी आहे ही.

आडवाटेकरी

२२ आणि ६ म्हणजे जवळजवळ चौपट. एवढा फरक आपोआप पडतो हे पटत नाही हो. ३७ जणांत वाटणी करताना एकाला चौपट मिळालं तर आपण वाटणाऱ्यावर संशय घेतोच ना?

कोडकर

पटत नसेल तर चाकाशिवाय करून बघा. पायथन असेल तर एवढंच टाका:

```python
import random
from collections import Counter
c = Counter(random.randrange(37) for _ in range(500))
m = sorted(c[n] for n in range(37))
print("cold:", m[:5], "hot:", m[-5:])
```

यात चाक नाही, बॉल नाही, डीलर नाही. हवं तितक्या वेळा चालवा. दर वेळी वरच्या टोकाला विशीच्या आसपासचे आकडे आणि खालच्या टोकाला ६, ७, ८ असलेच काहीतरी दिसेल. ५०० च्या जागी १०० टाकलंत तर आणखी मजा आहे. सरासरी २.७ पडते, तरी एखादा आकडा ६-७ वेळा आलेला असतो, आणि दोन-तीन आकडे बहुतेक वेळा एकदाही आलेले नसतात. काही टेबलं मागच्या १०० स्पिनचंच पॅनल दाखवतात, तिथे ज्वाळा आणि बर्फ जास्तच भडक दिसणार हे उघड आहे.

आडवाटेकरी

चालवून बघितलं. एकदा २३ आणि ५ सुद्धा आलं. बरं, इथपर्यंत मान्य.

हिशेबी

थांबा, इतक्यात मान्य करू नका. संगणकाचा यादृच्छिक आकडा आणि लाकूड-धातूचं चाक यांत फरक आहे. चाक हे यंत्र आहे, झिजतं, कलतं. जोसेफ जॅगरने १९व्या शतकात माँटे कार्लोला असंच एक चाक हेरून पैसे कमावले. स्पेनमध्ये गार्सिया-पेलायोने १९९० च्या दशकात माद्रिदच्या कॅसिनोत हजारो स्पिन नोंदवून तेच केलं, आणि २००४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही त्याच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे जास्त येणारे आकडे असतात, हे सिद्ध झालेलं आहे.

आणि गणितही सोपं आहे. एका आकड्याला ३५ पट मिळतात, म्हणजे तो ३६ मध्ये एकदा, २.७८ टक्के वेळा लागला की बरोबरी. ११ आलाय ४.४ टक्के वेळा. मधली फट केवढी मोठी आहे बघा. पूर्वी लोकांना स्वतः वही घेऊन बसावं लागायचं, आता कॅसिनोच फुकट नोंद करून देतो.

खडूफळा

हिशेबी, अर्धी बाजू तुमची भक्कम आहे. कललेलं चाक ही खरी गोष्ट आहे आणि त्या दोघांनी पैसे मिळवले हेही खरं. पण त्यांनी जे मोजलं आणि हे पॅनल जे दाखवतं त्यांत फार अंतर आहे.

तुमचा ४.४ टक्के ११ नंबरचा नाही, तो '३७ पैकी पहिल्या आलेल्याचा' आहे. आधीच ११ ठरवून बसला असतात आणि मग तो ५०० मध्ये २१ किंवा जास्त वेळा आला असता, तर ती साधारण शंभरात तीनदा घडणारी गोष्ट होती, भुवया उंचवायला हरकत नव्हती. पण पॅनल आकडा आधी ठरवत नाही. ते ३७ जणांतून जो पुढे असेल त्याला निवडतं. एकेकाला शंभरात तीनाची संधी आणि उमेदवार ३७, म्हणजे सरासरी एक जण तिथे पोचतोच. तो कोण हे फक्त बदलतं.

आता चाक खरंच कललंय असं धरू. समजा ११ वर तुम्हाला खरोखर पाच टक्के नफा मिळेल इतका कल आहे. कुठलाही जाणता जुगारी त्यावर तुटून पडेल. तर असा आकडा १००० स्पिनमध्ये २७ ऐवजी २९ वेळा येतो. ५०० मध्ये साडेतेराऐवजी साडेचौदा. एका वेळेचा फरक! आणि निव्वळ नशिबाची हलचल तीन-चारची आहे. तो एक त्या तीन-चारात तुम्हाला दिसणार कसा? ३७ आकड्यांतून खात्रीने वेगळा काढायला ५० हजारांच्या घरात स्पिन लागतात. मिनिटाला एखादा स्पिन धरला तर महिनाभर, रात्रंदिवस, एकाच चाकावर. पॅनल मात्र ५०० नंतर जुनं पुसत जातं. जॅगरची वही दर आठ तासांनी कोरी झाली असती तर त्याच्या हाती काय लागलं असतं?

रेवती_ग

मला गणितातलं फार कळत नाही, पण यादीतल्या बर्फवाल्या बाजूबद्दल लिहायचं आहे. माझा भाऊ त्या बाजूचा. एक आकडा शंभराच्या वर स्पिन आला नव्हता. पहिल्यांदा एकेक चिप, मग दोन, मग चार असं वाढवत गेला. मी शेजारी बसून म्हटलं की बाबा उठ, तर म्हणाला आता उठलो तर नेमका पुढच्याला येईल आणि आतापर्यंतचं सगळं वाया जाईल. शेवटी टेबलची कमाल मर्यादा लागली आणि तो थांबला. आकडा नंतर आला की नाही ते आम्ही पाहिलंच नाही. मला विचारायचंय ते हे की इतके स्पिन एखादा आकडा न येणं, हे टेबलात काही गडबड असल्याचं लक्षण नाही का?

खडूफळा

नाही रेवतीताई. १०० स्पिन घेतले तर त्यात एकही वेळ न आलेले दोन-तीन आकडे सरासरीने असतातच, वर कोडकरांनी लिहिलंय. अगदी १५० स्पिन न आलेला आकडाही दर दोन-तीन खेपांत एखादा सापडतो. तो कुठला ते पॅनल बरोबर शोधून समोर ठेवतं, म्हणून तो विलक्षण वाटतो.

भावाचा तो आकडा पुढच्या ३७ स्पिनमध्ये एकदा तरी येण्याची शक्यता ६४ टक्क्यांच्या आसपास होती. ऐकायला बरी वाटते, पण नुकत्याच आलेल्या आकड्याचीही तीच. १०० स्पिन वाट पाहिली म्हणून त्यात दशांशाचीही भर पडत नाही. आणि ३६ टक्के वेळा तो पुढच्या ३७ मध्येही येत नाही. चिपा वाढवत नेणाऱ्याला हेच ३६ टक्के खातात.

माझं एक मत. हॉटवाल्यांच्या बाजूने निदान एक कारण तरी सांगता येतं, चाक कललं असेल, घर सैल असेल. कोल्डवाल्यांकडे तेवढंही नाही. चाक खरंच बिघडलेलं असेल तर कमी येणारा आकडा पुढेही कमीच येणार! 'कोटा शिल्लक आहे' म्हणायला चाकाने कुठेतरी हिशेब ठेवायला हवा.

मनमौजी

काका, हिशेब चाक ठेवत नसेल, पण माझं खातं ठेवतं. दोन बैठका, दोन्ही फायद्यात. याला काय म्हणाल?

खडूफळा

याला म्हणेन की असं होणं अगदी साहजिक आहे, आणि हे पॅनल टिकून आहे ते याच्याच जोरावर.

कुठलेही पाच आकडे घ्या, हॉट, कोल्ड किंवा डोळे मिटून निवडलेले. ५०० स्पिन एकेक चिप लावा. सरासरीने ते ६७-६८ वेळा लागतील. फायद्यात यायला ७० वेळा लागायला हवेत. मधलं अंतर दोन-तीनचं, आणि नशिबाची हलचल सात-आठची. म्हणून दर शंभर खेळाडूंपैकी सुमारे चाळीस जण ५०० स्पिननंतर फायद्यात उठतात. तुमची बैठक ५०० पेक्षा लहान असेल तर बहुधा आणखी थोडे जास्त. हे चाळीस जण पुढे सांगत सुटतात की आकडे बघून खेळलो आणि जिंकलो. हॉटवाल्यांतले चाळीस टक्केही सांगतात, कोल्डवाल्यांतलेही. दोन्ही पद्धती एकमेकींच्या बरोबर उलट, तरी दोन्हीकडे खरे साक्षीदार.

पत्तेबाज

बॅकरॅटमध्येपण हेच आहे ना? तिथे लाल-निळ्या गोलांचे रस्ते काढून दाखवतात. मी बँकरची लांब रांग लागली की तिच्याच मागे जातो. तिथे मात्र पत्ते शूमधून कमी होत जातात, त्यामुळे आधीच्या डावांचा परिणाम असणारच. रुलेटचं गणित तिथे चालवू नका.

खडूफळा

परिणाम असतो, तुमचं बरोबर आहे. पण तो गेलेल्या पत्त्यांचा, रांगेचा नाही, आणि इतका बारीक की मुख्य बेटवर त्यातून काही काढणं जवळजवळ अशक्य. कुठले पत्ते गेले हे त्या रस्त्यावर दिसत नाही, कोण जिंकलं एवढंच दिसतं. पण तो वेगळा विषय, इथे शिरलो तर धागा भरकटेल.

जुना_डीलर

मी काही वर्षं लाइव्ह स्टुडिओत डीलर होतो. नाव-गाव विचारू नका. आतून जे दिसायचं ते सांगतो.

आमच्याकडे चाकाची पातळी नियमित तपासली जायची आणि निकालांची लांबलचक नोंद वेगळी ठेवली जायची. ती ५०० ची नव्हे, कितीतरी मोठी. चाकात काही निघालं तर ते प्रेक्षकांच्या आधी कॅसिनोला कळावं हा हेतू. चाक बदललं, बॉल बदलला, डीलर तर अर्ध्या-पाऊण तासाने बदलतोच, पण पॅनलवरचे ५०० तसेच पुढे चालू राहायचे. म्हणजे तुम्ही बघताय त्या ५०० पैकी निम्मे दुसऱ्याच चाकाचे असू शकतात. हे खेळाडूला कुठेच दिसत नाही.

आणखी एक. लोक चॅटमध्ये लिहायचे, '११ आता थंड पडला.' बऱ्याचदा ११ ला काहीच झालेलं नसायचं. प्रत्येक नवीन स्पिन आत आला की सगळ्यात जुना बाहेर पडतो. सात-आठ तासांपूर्वी ११ चे तीन-चार हिट जवळजवळ आले असतील तर ते आता एकेक करून खिडकीबाहेर पडतात आणि आकडा यादीत खाली येतो. लोक ते आताचं काहीतरी समजून बेट बदलतात.

पॅनल का ठेवतात? मला कुणी कागदावर कारण दिलं नाही, पण जे पाहिलं ते सांगतो. बेट लावायला पंधरा-वीस सेकंद असतात. काय लावावं हे न सुचणारा माणूस स्पिन सोडून देतो. पॅनल असलं की त्याला काहीतरी सुचतं. काही टेबलांवर तर त्या हॉट आकड्यावर टिचकी मारली की चिप थेट बसते. कॅसिनोला कुठल्याही आकड्यावर चिप आली तरी तेच २.७ टक्के. त्यामुळे तुम्हाला ११ आवडतो की ८, याने कॅसिनोला काडीचा फरक पडत नाही. स्पिन सोडला तर पडतो.

हिशेबी

जुना_डीलर, तुमच्या माहितीबद्दल आभार, पण माझा मुद्दा अजून शिल्लक आहे. मी त्या यादीतले आकडे चाकावरच्या क्रमाने लावून पाहिले. चाकावर ३३, १, २० असे सलग येतात. हॉट पाचांतले दोन, ३३ आणि २०, एकाच कोपऱ्यात! चाक कललं असेल तर असंच दिसेल ना?

कोडकर

मग त्या दोघांच्या मधला १ कुठे आहे?

आडवाटेकरी

पूर्ण तक्ता माझ्याकडे आहे. १ आलाय ११ वेळा. सरासरीच्याही खाली.

खडूफळा

हिशेबींनी वापरलेली कसोटी मात्र योग्य आहे, पॅनलपेक्षा कितीतरी चांगली. चाक कललं तर बॉल चाकाच्या काठावरून ठराविक बाजूला जास्त सुटतो, आणि त्याचा फायदा झालाच तर एका पट्ट्यातल्या शेजारच्या आकड्यांना मिळून होईल. मधलं घर उपाशी आणि दोन्ही शेजारी तुपाशी, हे कलण्याचं लक्षण नाही. एकट्या घराचा दोष असू शकतो, कडा सैल वगैरे, पण मग पुन्हा तेच ५० हजार स्पिन. पॅनल आकडे चाकाच्या क्रमाने दाखवत नाही, लागण्याच्या क्रमाने दाखवतं. जे शोधायचं तेच त्या मांडणीत मोडतं.

आडवाटेकरी

वादापेक्षा बघू म्हणून मी आज एक काम केलं. खेळलो नाही. जुनी यादी तशीच ठेवली आणि पूर्णपणे नवे ५०० स्पिन होऊ दिले, मग तक्ता उतरवला.

कालचे हॉट: ११ (१५), २९ (१२), ४ (९), २० (१८), ३३ (१७). एकूण ७१.
कालचे कोल्ड: ८ (१७), २६ (१३), १६ (११), ३५ (१९), २ (१३). एकूण ७३.

हॉटवर खेळलो असतो तर ५६ चिपांचा फायदा, कोल्डवर १२८ चा. आता सांगा! दोन्ही बाजू जिंकल्या.

मनमौजी

मी काय म्हणत होतो! कोल्ड पुढे.

कोडकर

पण बर्फवाला ३५ आता थेट १९ वर, कालच्या हॉटमधला ४ मात्र ९ वर घसरला. यादी बरीच उलटीपालटी झाली. ११ चे ४.४ टक्क्यांचे ३ टक्के झाले.

खडूफळा

आडवाटेकरी, तुमच्या तक्त्यातलं न लिहिलेलं मी पूर्ण करतो. हे दहा आकडे मिळून १४४ वेळा लागले. उरलेले २७ आकडे ३५६ वेळा. त्या सत्तावीसांवर कुणी एकेक चिप लावत बसला असता तर १३५०० चिपा घालून १२८१६ परत मिळाल्या असत्या, ६८४ चा तोटा. आता ५६ आणि १२८ मिळवा, त्यातून ६८४ वजा करा. उणे ५००. स्पिनमागे बरोबर एक चिप, ५०० स्पिनला ५००. चाक कसंही फिरलं तरी पूर्ण टेबलाचा हा हिशेब बदलत नाही, फक्त तो तोटा कुणाच्या खात्यावर पडतो ते बदलतं. या वेळी तो तुमच्या दोन याद्यांबाहेर पडला.

रेवती_ग

मग हे फसवणूक म्हणायचं की नाही? आकडे तर खरे आहेत.

जुना_डीलर

आम्ही आपसात यावर बरंच भांडायचो. माझं मत, आकडे खरे आहेत, ज्वाळा खोटी आहे. 'मागच्या ५०० मध्ये २२' ही नोंद झाली. तिच्यापुढे ज्वाळा काढली की तो सल्ला होतो. पण माझा एक सहकारी म्हणायचा, खेळाडू मागतात म्हणून दाखवतो, नाही दाखवलं तर ते स्वतः कागदावर लिहितील. आणि ते लिहायचेच.

खडूफळा

ज्वाळेऐवजी तिथे 'चाक निर्दोष असताना इतकं होतंच' असा पट्टा काढावा, म्हणजे ७ ते २१ पर्यंतचा भाग करडा रंगवावा. बहुतेक वेळा ३७ पैकी जवळजवळ सगळे आकडे त्या करड्यात किंवा त्याच्या काठावर बसलेले दिसतील. हे करायला तांत्रिक अडचण शून्य आहे.

हिशेबी

मी मात्र स्वतःची नोंद चालू करतोय, चाकाच्या क्रमाने, पॅनल न बघता. ५० हजार तर ५० हजार. जुना_डीलर, एकच सांगा, चाक बदललं हे कॅमेऱ्यातून ओळखायची काही खूण असते का? ते कळलं नाही तर माझी वही दोन चाकांची खिचडी होईल.

जुना_डीलर

आमच्या स्टुडिओत चाकांच्या मधल्या बुरुजाची घडण आणि लाकडाच्या रेषा थोड्या वेगळ्या असायच्या, बारकाईने बघितलं तर कळायचं. सारखीच चाकं असतील तर नाही कळणार. आणि चाक तेच ठेवून रात्री नुसती पातळी दुरुस्त केली असेल, तर ते कुठल्याच कॅमेऱ्यातून दिसत नाही.